चिंचेचा गोळा वर्षभर, चिंचेचे पाणी चार दिवस

होळीच्या आगेमागे चिंचा उतरतात. जाफराबादेकडे, पूर्णा आणि केळना या दोन नद्यांच्या काठच्या गावांत, बांधावर, देवळाजवळ चिंचेची झाडे आहेत. पुरुष माणसे चिंचा झोडपतात. बायका अंगणात बसून त्या फोडतात. टरफल निघते, शिरा निघतात, चिंचोके निघतात. मग मीठ लावून गोळे करायचे आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचे. हे गोळे पुढची चिंच येईपर्यंत टिकतात. त्यांना फ्रीज लागत नाही, बर्फ लागत नाही. बरणीचे तोंड फडक्याने बांधले की झाले.

आता याच गोळ्यातला लिंबाएवढा तुकडा घ्या. वाटीभर पाण्यात कोळून ठेवा. चैत्राच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी त्या पाण्यावर फेस दिसतो. तिसऱ्या दिवशी वास पालटतो. चिंच तीच, मीठही तेच. मग गोळा वर्षभर टिकला आणि पाणी दोन दिवसांत का बिघडले?

या प्रश्नाचे उत्तर नीट कळले, तर भेळ आणि पाणीपुरीसाठी केलेले चिंचेचे पाणी, पुदिन्याची चटणी आणि तिखट पाणी फ्रीजमध्ये किती दिवस ठेवावे, हे कोणाला विचारावे लागणार नाही. आज पुष्कळ घरांत फ्रीज आला आहे. पाहुणे येणार म्हणून बायका दोन-तीन दिवस आधी चटण्या करून ठेवतात. गाडी लावणारे लोक तर आठवड्याचे पाणी एकदम करतात. "फ्रीजमध्ये आहे, त्याला काय होतंय?" असे म्हणतात. पण होते. काय होते ते पाहू.

जंतूला पाणी लागते

अन्न नासते ते आपोआप नासत नाही. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव त्यात वाढतात. त्यांत जंतू असतात, बुरशी असते, खमीर असते. जिलबीचे पीठ आंबते ते असल्याच जिवांमुळे. हे जीव सगळीकडे आहेत. ते हातावर आहेत, भाजीच्या पानावर आहेत, भांड्यावर आहेत, हवेतही आहेत. त्यांना वाढायला तीन गोष्टी हव्यात. खायला अन्न हवे, ऊब हवी आणि पाणी हवे.

चिंचेच्या गोळ्यात पाणी फार थोडे असते. जे असते ते मिठाने धरून ठेवलेले असते. त्यात चिंच कमालीची आंबट. एवढ्या आंबटात बहुतेक जंतूंना जगणे कठीण जाते. म्हणून गोळा टिकतो. आपण त्यात पाणी ओतले की आंबटपणा पातळ होतो, मीठही पातळ होते. जंतूला तेच हवे असते. जितके पाणी जास्त, तितके टिकणे कमी. हा हिशेब शेतकऱ्याला नवा नाही. ओली तूर कणगीत कोणी भरत नाही.

मग फ्रीज काय करतो? फ्रीज जंतू मारत नाही. तो त्यांची ऊब काढून घेतो. थंडीत जंतू हळू वाढतात, एवढेच. चांगल्या चालणाऱ्या फ्रीजच्या आत उष्णता चार-पाच अंश असते. बाहेर मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर ऊन असते. चांगल्या उबेत काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. फ्रीजमध्ये त्यांना फार वेळ लागतो. पण ते मरत नाहीत. बर्फाच्या कप्प्यात ते झोपून राहतात, तिथेही सगळे मरत नाहीत. बाहेर काढले की पुन्हा जागे होतात.

म्हणून ध्यानात ठेवायचे ते हे, की घाण पाण्याने केलेली चटणी फ्रीजमध्ये ठेवल्याने चांगली होत नाही. ती थंडगार घाण चटणी होते.

तिघींचा स्वभाव वेगळा

चिंचेची गोड चटणी, पुदिन्याची हिरवी चटणी आणि तिखट पाणी यांना लोक एकाच मापाने मोजतात. तिथेच चुकते. या तिघी एका घरातल्या जावा असल्या तरी त्यांचा स्वभाव एक नाही.

पहिली चिंचेची. तिला आपण शिजवतो. शिजवल्याने बहुतेक सगळे जंतू मरतात. ती आंबट आहे. तिच्यात गूळ आहे, आणि गूळ मिठासारखाच पाणी धरून ठेवतो. म्हणून घट्ट शिजवलेली चिंच-गुळाची चटणी स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे चांगली राहते. पण कच्ची चिंच नुसती कोळून ठेवली, ना शिजवली ना गूळ घातला, तर तिला फ्रीजमध्येही तीन दिवस, फार तर चार.

चिंच करायची रीत अशी. चिंचोके काढलेली पाव किलो चिंच घ्या. पाऊण लिटर कडक पाण्यात अर्धा तास भिजवा. हाताने कोळण्यापेक्षा रवीने किंवा पळीने घोटा आणि चाळणीतून गाळा. जो कोळ निघेल तो दहा मिनिटे उकळा. साधारण अर्धा लिटर होतो. हा झाला आंबट कोळ. तो तिखट पाण्यात घालायला तसाच ठेवावा. गोड चटणी हवी असेल, तर एवढ्या कोळात अर्धा किलो गूळ घाला आणि मंद जाळावर आणखी दहा-पंधरा मिनिटे शिजवा. पळीला चिकटून सावकाश ओघळली, की उतरवा. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी सुंठ आणि लाल तिखट घाला. हे मसाले चटणी उकळत असतानाच टाकावेत. मसाल्याच्या पुडीतही जंतू असतात, तेही मग उकळून निघतात.

भांड्याचे एक सांगायला हवे. चिंच पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात कधी ठेवू नये. आंबटाने धातू विरघळतो, चटणीला कळकट चव येते आणि तो कळक पोटाला बाधतो. तांब्याची कळकलेली भांडी चिंचेने लखलखीत होतात, हे प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक आहे. मग भांड्यावरचे निघालेले ते जाते कुठे? चिंचेत. ॲल्युमिनियमचे भांडेही आंबटाला सोसत नाही. स्टील, काच किंवा चिनी माती घ्यावी.

दुसरी पुदिन्याची. ही कच्ची आहे, म्हणून नाजूक आहे. पुदिना ओल्या जागी, मोरीच्या पाण्यावर वाढतो. पानाच्या मागे माती आणि घाण चिकटलेली असते. कोथिंबिरीच्या मुळ्यांचेही तेच. दोन्ही भाज्या निवडून, भरपूर पाण्यात तीन वेळा धुवाव्यात. पहिल्या पाण्याच्या तळाशी माती बसलेली दिसेल. तिसऱ्या पाण्याच्या तळाशी काही दिसू नये. शेवटचे पाणी पिण्याचे असावे.

वाटल्यावर ही चटणी काळी-तपकिरी पडते. पुष्कळांना वाटते, काळी पडली म्हणजे नासली. तसे नाही. सफरचंद कापून ठेवले की जसे तांबूस होते, तसेच हे आहे. पान वाटले की त्याच्यातला रस हवेला लागतो आणि रंग बदलतो. लिंबू पिळून वाटले, वाटताना बर्फाचे पाणी वापरले आणि बाटली काठोकाठ भरून हवा राहू दिली नाही, तर रंग बराच टिकतो. पाने उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाकली, तर आणखी टिकतो. पण वास थोडा कमी होतो.

उलटेही खरे आहे, आणि ते जास्त महत्त्वाचे आहे. हिरवीगार आहे म्हणून चटणी चांगली, असे नव्हे. चार दिवसांची चटणी रंगाने हिरवी असू शकते आणि आत जंतू असू शकतात. काही लोक तर बाजारचा हिरवा रंगच घालतात. म्हणून रंगावर विसंबू नये.

पुदिन्याची चटणी लिंबू घालून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवावी. तिच्यात दही, शेंगदाणे किंवा डाळवे घातले असेल, तर एक-दोन दिवसांत संपवावी, कारण जंतूला ते चांगले खाद्य आहे. जास्त दिवस हवी असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या साच्यात चटणी भरून वड्या करायच्या, गोठल्यावर काढून पिशवीत बांधायच्या. महिनाभर वापरता येतात. लागतील तेवढ्याच वड्या काढाव्यात. एकदा विरघळलेली पुन्हा गोठवू नये.

तिसरे तिखट पाणी, पाणीपुरीचे. तिघांत हेच सर्वांत कच्चे. यात पुदिना आहे, आले आहे, मिरची आहे, चिंच आहे, काळे मीठ आहे. पण हे सगळे मिळून दहाव्या-बाराव्या हिश्श्याइतके, आणि बाकी सगळे पाणी. चिंचेचा आंबटपणा त्यात इतका पातळ होतो की राखण करायला त्याचे बळ पुरत नाही. मिरचीच्या तिखटाने जंतू मरतात, हीही समजूत खोटी. तिखट आपल्या जिभेला झोंबते, जंतूला नव्हे.

म्हणून तिखट पाणी ज्या दिवशी खायचे, त्याच दिवशी करावे. उरले आणि त्यात कोणाचा हात बुडला नसेल, तर फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावे. त्यापुढे नको.

पाणी बिघडले तर काय होते

पोटाच्या रोगाचे पुष्कळसे जंतू पाण्यातून पसरतात. पटकी, टायफॉइड, हगवण आणि कावीळ हे सगळे त्याच वाटेने येतात. पाणीपुरीत पाणी कच्चेच पोटात जाते. चहाचे पाणी उकळते, वरणाचे उकळते. पुरीतले पाणी उकळत नाही. हा फरक मोठा आहे.

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जळगाव जिल्हा आहे. तिथे चोपडा तालुक्यात कमळगाव नावाचे गाव आहे. 2024 सालच्या जून महिन्यात तिथल्या आठवडी बाजारात पाणीपुरी खाल्लेल्या अनेक लोकांना, त्यांत लहान मुलांनाही, उलट्या आणि जुलाब सुरू झाले. त्यांना दवाखान्यांत न्यावे लागले. त्याआधी 2022 सालच्या जूनमध्ये नेपाळ देशात, काठमांडूला लागून असलेल्या ललितपूर शहरात पटकीचे रोगी सापडले. तेव्हा तिथल्या महानगरपालिकेने शहरात पाणीपुरी विकायलाच बंदी घातली. दोन्ही वेळा महिना जूनचा. उन्हाळा सरत असतो, पावसाचे पहिले पाणी नाल्यातून विहिरीत उतरते, नळाच्या फुटक्या पाइपात गटार शिरते. त्या दिवसांत पाणी उकळण्यात कसूर करू नये.

पाणी कसे उकळावे? खळखळ उकळी फुटली की आणखी दोन-तीन मिनिटे जाळावर ठेवावे. मग झाकून गार करावे. ज्या भांड्यात उकळले त्यातच गार होऊ द्यावे, हांड्यात ओतून त्यात गडू बुडवू नये. नाही तर उकळलेले वाया गेले.

बर्फाचीही गोष्ट तशीच. लोक उकळलेले पाणी घेतात आणि वरून बाजारचा बर्फ टाकतात. बाजारात दोन प्रकारचा बर्फ मिळतो. एक खाण्याचा. दुसरा मासळी, दूध वगैरे बाहेरून गार ठेवण्याचा, आणि त्याचे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. तो ओळखू यावा म्हणून 2018 साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हुकूम काढला, की न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालावा. निळसर बर्फ दिसला तर तो पोटात घालू नये. सर्वांत बरे म्हणजे उकळून गार केलेले पाणी स्टीलच्या डब्यात भरून घरीच बर्फ करावा.

एका गाडीचा हिशेब

आता एक हकीगत सांगतो. नावे घेत नाही. आमच्या साक्षरतेच्या वर्गाला येणारी एक बाई आणि तिचा नवरा, दोघे मिळून गाडी लावतात. आठवड्यात तीन दिवस गाडी. बाजारच्या दिवशी चाळीस प्लेटी जातात, बाकी दोन दिवस पंधरा-पंधरा. घरी जुना फ्रीज आहे.

आधी ती बाजारच्या आदल्या रात्री सगळे पाणी एकदम करायची. चौदा-पंधरा लिटर. फ्रीजमध्ये मावेल तेवढे कॅनमध्ये भरायचे आणि उरलेले मोरीजवळ गारव्याला ठेवायचे. तेच पाणी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत चालायचे. चव उतरली की त्यात नवा मसाला आणि लिंबू. एकदा चौथ्या दिवशी त्यांच्याच धाकट्या मुलाने कॅनमधले पेलाभर पाणी प्यायले. रात्री उलट्या आणि जुलाब.

नवरा म्हणाला, "अगं, उन्हाचं झालं असेल. पाणी तर आंबलेलं नव्हतं. मी स्वतः वास घेतला होता."

ती म्हणाली, "अहो, वासाला चांगलं होतं म्हणूनच तर पोरानं प्यालं. वास आला असता तर थुंकला असता."

बाई अडाणी म्हणवून घ्यायची, पण तिने बोट नेमके ठेवले. अन्न नासवणारे जीव वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जीव वेगळे. नासवणारे जीव फेस आणतात, वास आणतात, बुरशी आणतात. ते वर्दी देतात. आजारी पाडणारे पुष्कळदा काहीच वर्दी देत नाहीत. पाणी दिसायला चांगले, वासाला चांगले, चवीला चांगले, आणि तरी त्यात रोग असतो. म्हणून वास घेऊन दिवस ठरवू नयेत. दिवस मोजूनच ठरवावेत.

मुलगा दोन दिवसांत बरा झाला. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी त्याला घोट-घोट पाजले. मूल सुस्त पडू लागले, लघवी कमी झाली, किंवा जुलाबात रक्त दिसले, तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा.

त्यानंतर आम्ही आणि त्या दोघांनी बसून हिशेब केला. एका पुरीत दोन मोठे चमचे पाणी मावते. सहा पुऱ्यांची प्लेट, आणि शेवटी गिऱ्हाईक घोटभर पाणी मागतेच. म्हणजे प्लेटीमागे दोनशे मिलिलिटर. पाच प्लेटींना एक लिटर. चाळीस प्लेटींना आठ लिटर आणि पंधरा प्लेटींना तीन. आठवड्याला चौदा लिटर.

मग ठरले, की पाणी साठवायचे नाही. पाण्याचा घट्ट मसाला साठवायचा. एका लिटरला निवडलेला पुदिना दोन मुठी, कोथिंबीर एक मूठ, चार हिरव्या मिरच्या आणि पेरभर आले. हे थोड्या पाण्यात बारीक वाटले की बर्फाच्या साच्यातल्या पाच वड्यांएवढे होते. बाजारच्या दिवसाचे ती त्याच सकाळी ताजे वाटते. पुढच्या दोन दिवसांचे, म्हणजे सहा लिटरचे, तीस वड्या करून गोठवते. चिंचेचा आंबट कोळ वर सांगितल्याप्रमाणे पाव किलोचा करते. लिटरला दोन मोठे चमचे कोळ लागतो. चौदा लिटरला अठ्ठावीस चमचे, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडा कमी. आठवड्याला एकदा केलेला कोळ बरोबर पुरतो. काळे मीठ आणि भाजलेले जिरे कोरडेच डब्यात असते. लिटरला एकेक चहाचा चमचा. साधे मीठ चवीप्रमाणे.

आता फ्रीजमध्ये पंधरा लिटरचे कॅन नाहीत. दोन लहान बाटल्या आणि एक पिशवी आहे. त्यामुळे फ्रीजही बरा चालतो. गच्च भरलेल्या फ्रीजमध्ये गार हवा फिरत नाही, आणि मधली वस्तू कोमटच राहते.

कोळ एका मोठ्या बाटलीत न भरता दोन लहान बाटल्यांत भरायचा, हेही ठरले. मोठी बाटली रोज उघडते. रोज नवी हवा, नवा चमचा. लहान बाटली दोन दिवसांत संपते आणि दुसरी तोवर बंद राहते. काचेची बाटली पातेल्यात गार पाण्यात बुडवून जाळावर ठेवायची, पाणी दहा मिनिटे उकळू द्यायचे, मग पालथी घालून सुकवायची. फडक्याने आतून पुसायची नाही. फडके बाटलीपेक्षा मळके असते. कोळ गार करायला पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवावे. रात्रभर ओट्यावर ठेवू नये. दोन तासांच्या आत तो फ्रीजमध्ये गेला पाहिजे. बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नये. दार सारखे उघडते, म्हणून तिथे सर्वांत कमी थंडी असते. आतल्या बाजूला, मागे ठेवावी.

त्यांचा फ्रीज खरोखर गार राहतो का, हेही पाहिले. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावले आणि कागद ओढला. तो सहज सुटून आला. याचा अर्थ, दाराचे रबर सैल पडले होते आणि थंडी बाहेर जात होती. रबर बदलले. विजेचे काय, असे नवऱ्याने विचारले. वीज जाते, ते खरेच आहे. दार उघडले नाही तर फ्रीज साधारण चार तास गार राहतो. त्यापेक्षा जास्त वेळ वीज गेली, तर पुदिन्याची चटणी टाकून द्यावी. गुळाची घट्ट चटणी राहू द्यायला हरकत नाही.

पण आपण शेतात असताना वीज गेली होती की नाही, हे कसे कळणार? त्याला एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी घालून बर्फाच्या कप्प्यात गोठवा. त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे वरच असेल, तर बर्फ विरघळला नाही. नाणे तळाशी जाऊन गोठले असेल, तर मधे वीज बराच वेळ गेली होती. मग पुदिन्याच्या वड्या कितीही घट्ट दिसल्या तरी त्या घेऊ नका.

चिठ्ठी

या सगळ्यात आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट चिठ्ठीची आहे. त्या बाईला अक्षर येऊन चार महिने झाले होते. तिने वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि बाटल्यांना चिकटवल्या. पहिल्या चिठ्ठीवर लिहिले: "चिंच कोळ. 12 एप्रिल." दुसरीवर: "पुदिना वड्या. 12 एप्रिल." आम्ही म्हटले, "बाई, केव्हा केलं ते लिहिलंत. केव्हा टाकायचं तेही लिहा." तेव्हा तिने बोटांवर मोजून कोळाच्या चिठ्ठीवर खाली लिहिले: "26 एप्रिल पर्यंत." पुदिन्याच्या पिशवीवर लिहिले: "12 मे पर्यंत." तिखट पाण्याच्या कॅनला चिठ्ठी लावायची नाही, कारण ते ठेवायचेच नाही.

नवऱ्याला पहिल्यांदा हसू आले. "दुकानातल्या बाटलीसारखं कशाला?" म्हणाला. पण दुसऱ्याच आठवड्यात दोघांत वाद झाला, की फ्रीजमधली हिरवी वाटी परवाची की त्याच्या आधीची. त्या वाटीला चिठ्ठी नव्हती. बाईने ती सरळ उकिरड्यावर नेऊन ओतली. तेव्हापासून नवराही चिठ्ठी लिहितो. त्याचे अक्षर तिच्याहून वाईट आहे, पण आकडे नीट येतात.

तारखेच्या आत असले तरी बाटली उघडताना पाहावे. झाकण उघडताना फस्स आवाज झाला, बारीक बुडबुडे वर आले, किंवा दारूसारखा वास आला, तर चिंच आंबू लागली आहे. वर पांढरी साय धरली किंवा ठिपके दिसले, तर बुरशी आली आहे. काही बायका वरची बुरशी चमच्याने काढतात आणि खालचे उकळून वापरतात. तसे करू नये. बुरशीची मुळे खोल गेलेली असतात आणि तिचे विष उकळून जात नाही. पाव किलो चिंच जाईल, ती जाऊ द्यावी. दवाखान्याची एक चिठ्ठी तिच्याहून महाग पडते.

बाजारच्या दिवशी

गाडीवरचे पाणीही बदलले. आठ लिटर एकदम कालवायचे नाही. उकळून गार केलेले पाणी झाकणाच्या कॅनमध्ये न्यायचे, कोळ आणि वाटण बर्फाच्या डब्यात न्यायचे. गाडीवर दोन-दोन लिटर कालवायचे. ते संपले की भांडे धुऊन पुढचे दोन. उन्हात कालवलेले पाणी तासाभरात संपावे, असा बेत. गिऱ्हाईक दाटले की तेवढे संपतेच.

हात बुडवण्याची सवय मोडायला मात्र वेळ लागला. गाडीवाला पुरी फोडतो, बटाटा भरतो, पैसे घेतो, आणि त्याच हाताने पुरी पाण्यात बुडवून देतो. नोटेवरची सगळी घाण पाण्यात जाते. मग आधी कितीही उकळले तरी काय उपयोग? आता पाणी तोटीच्या स्टीलच्या भांड्यात असते. पुरी तोटीखाली धरायची. पैसे बाई घेते, पुरी नवरा देतो. ज्या दिवशी दोघांपैकी एकच असतो, त्या दिवशी पैसे गिऱ्हाईकच डब्यात टाकते आणि सुट्टे स्वतः उचलते. कोणी फसवत नाही का? क्वचित कोणी दोन रुपये जास्त उचलते, असे ती सांगते.

अंधार पडता पडता गाडी आवरते. भांड्यात अर्धा-पाऊण लिटर पाणी उरलेले असते. शेजारचा भजीवाला एकदा म्हणाला, "वहिनी, उद्याला होईल की ते." तिने ते रस्त्याकडेच्या लिंबाच्या बुडाशी ओतले, भांडे राखेने घासले, आणि कोळाची अर्धी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेली. तिच्या चिठ्ठीवर अजून नऊ दिवस होते.